ईमेलमधला हिशेबाचा तक्ता मोबाईलवर विस्कटू नये म्हणून

प्रश्न: घोडबंदर रोडला आमची सोसायटी आहे, मी खजिनदार आहे. महिन्याच्या खर्चाचा छोटा तक्ता ईमेलमध्येच साध्या मजकुरात टाकतो. माझ्या लॅपटॉपवर रकाने सरळ दिसतात, सभासदांच्या मोबाईलवर मात्र सगळं विस्कटतं. मध्ये किती स्पेस द्यायच्या म्हणजे सगळीकडे नीट दिसेल?

उत्तर: स्पेस कितीही दिल्यात तरी जुळणार नाही, कारण स्पेसची रुंदी तुमच्या हातात नसतेच. मेल वाचणाऱ्याच्या स्क्रीनवर जो फाँट असेल तो ती ठरवतो. एरियलमध्ये एक स्पेस एका आकड्याच्या निम्म्या रुंदीची असते, म्हणजे एका आकड्याची जागा भरायला दोन स्पेस लागतात. दुसऱ्या फाँटमध्ये हे प्रमाण वेगळं. टॅब दाबून रकाने पाडलेत तर आणखी पंचाईत, कारण एक टॅब किती लांब धरायचा हे प्रत्येक प्रोग्राम आपापलं ठरवतो.

सगळी अक्षरं एकाच रुंदीची असणारे फाँट असतात, कन्सोलससारखे. इंग्रजी तक्ते त्यांच्या भरवशावर चालतात. मराठीला तोही आधार नाही. कन्सोलसमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, त्यामुळे विंडोज ती निर्मला यूआयसारख्या दुसऱ्या फाँटमधून आणतं आणि तिथे प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. शिवाय मोजायचं तरी काय? ‘लिफ्ट’ हा शब्द वाचताना दोन अक्षरांचा, पण कॉम्प्युटरच्या हिशेबी पाच चिन्हांचा: ल, वेलांटी, फ, हलन्त आणि ट. ‘सुरक्षारक्षक’ तसाच मोजला तर बारा भरतात. आधी मराठी शब्द आणि पुढे स्पेस देऊन ओढलेला आकडा, ही मांडणी मुळातच टिकणारी नाही.

मी नवी मुंबईत, महाप्याला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात आहे. गाड्यांचे आकडे रोज संध्याकाळी मेलने पाठवतो आणि ते वाचणारी माणसं बहुतेक न्हावाशेव्याच्या गेटवर उभी, हातात मोबाईल. तिथे आकडा एका ओळीने खाली सरकला तर चुकीची गाडी थांबते. म्हणून एक गोष्ट मी कटाक्षाने पाळतो: कुठलीही ओळ एकटी वाचली तरी तिचा अर्थ पूर्ण लागला पाहिजे. शेजारच्या किंवा वरच्या ओळीशी रांग जुळली तरच कळेल, असं काही लिहायचं नाही.

तुमच्याच खर्चावर करून बघू. आकडे उदाहरणापुरते घेतो. तुम्ही लॅपटॉपवर साधारण असं लिहीत असाल:

```
तपशील            एप्रिल      मे
टँकर             84,000      1,26,000
वीज              61,350      58,900
सुरक्षारक्षक      72,000      72,000
```

मोबाईलवर ओळीत मावेल तेवढंच मावतं, उरलेलं खाली येतं:

```
टँकर             84,000
1,26,000
वीज              61,350
58,900
```

इथे नुसता देखावा बिघडलेला नाही. मे महिन्याचा टँकरचा आकडा विजेच्या डोक्यावर जाऊन बसलाय. घाईत वाचणाऱ्याला टँकर ८४ हजारांचा वाटणार आणि मीटिंगमध्ये तुमच्याशी वाद होणार. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

दोन महिन्यांची तुलना द्यायची असेल तर तक्ता आडवा न ठेवता उभा करा. प्रत्येक बाबीचा एक छोटा गट, आणि दोन गटांत एक कोरी ओळ:

```
टँकर
एप्रिल: रु. 84,000
मे: रु. 1,26,000
फरक: रु. 42,000 जास्त

वीज
एप्रिल: रु. 61,350
मे: रु. 58,900
फरक: रु. 2,450 कमी
```

लांबी वाढते हे खरं, पण मोबाईलवर खाली सरकवणं कोणालाच जड जात नाही, आडवं सरकवणं जातं. फरक मी मुद्दाम शब्दांत लिहिलाय. ‘-2,450’ असं लिहिलंत तर काही ठिकाणी ते वजाचं चिन्ह ओळीच्या शेवटी राहतं आणि आकडा खालच्या ओळीत उतरतो. मग कमी झालेला खर्च जास्त झाल्यासारखा दिसतो. ‘कमी’ हा शब्द आकड्यापासून तुटला तरी अर्थ उलटा होत नाही.

एकाच महिन्याचा खर्च असेल तर याहून सोपी मांडणी आहे, आणि रोजच्या कामात मला तीच सगळ्यात आवडते. आकडा आधी, मराठी शब्द नंतर:

```
मे, एकूण खर्च: रु. 2,75,400

1,26,000 : टँकर
72,000 : सुरक्षारक्षक
58,900 : वीज
18,500 : लिफ्टची देखभाल
```

शब्दांची रुंदी कमीजास्त झाली तरी बिघडायला त्यांच्या पुढे काही उरलेलंच नाही. सगळे आकडे डाव्या कडेला चिकटून आहेत आणि ती कड प्रत्येक स्क्रीनवर सरळच असते. एकक, दशक बरोबर एकाखाली एक येणार नाहीत, ते मी सोडून देतो. त्याऐवजी मोठ्या रकमेपासून लहानीकडे क्रम लावतो, म्हणजे नजर आपोआप खाली उतरते. एकूण रक्कम सगळ्यात वर ठेवा. मोबाईलच्या नोटिफिकेशनमध्ये मेलचे पहिले काही शब्दच दिसतात आणि कित्येक सभासद तेवढंच वाचतात.

आकडे मी इंग्रजी लिपीत ठेवलेत, त्याला कारण आहे. मेलसाठी वापरात असलेल्या बहुतेक फाँटमध्ये हे दहा आकडे सारख्या रुंदीचे असतात. देवनागरी आकड्यांसाठी कुठला फोन कुठला फाँट उचलेल याचा नेम नाही. मराठीतच आकडे हवे असतील तर जरूर लिहा, फक्त एका मेलमध्ये दोन्ही मिसळू नका. नाहीतर कोणी मेलमध्ये रक्कम शोधायला गेलं तर अर्ध्या रकमा सापडतच नाहीत.

आता ती कोरी ओळ. सोसायटीत ऑफिसचा मेल वापरणारे बरेच असतील, त्यांच्याकडे डेस्कटॉपवरचं आउटलुक असतं. साध्या मजकुराच्या मेलमधल्या ‘जादा’ वाटणाऱ्या ओळी ते स्वतःहून जोडून टाकतं. मेलच्या वर तशी बारीक सूचना येते, पण तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. मग टँकर, सुरक्षारक्षक, वीज हे सगळं एका लांब परिच्छेदात सलग लागतं. वाचणाऱ्याला हे `Options` मधल्या `Mail` मध्ये `Remove extra line breaks in plain text messages` ही खूण काढून बंद करता येतं. पण तुम्ही दीडशे घरांत जाऊन ती खूण काढणार नाही. मध्ये पूर्ण कोरी ओळ असेल तर आउटलुक दोन भाग एकमेकांना जोडत नाही. म्हणून ज्या यादीत घोळ अजिबात चालणार नाही, थकबाकीची म्हणा, तिच्यात मी प्रत्येक नोंदीनंतर कोरी ओळ सोडतो. वरच्या टँकर आणि विजेच्या गटांत ओळी जोडल्या गेल्या तरी ‘एप्रिल:’, ‘मे:’ ही नावं आकड्यांसोबतच राहतात, त्यामुळे अर्थ शाबूत राहतो.

ओळीच्या लांबीबद्दल. ईमेलच्या २००८ सालच्या नियमावलीत, RFC 5322 मध्ये, ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवावी अशी शिफारस आहे. काही प्रोग्राम पाठवतानाच त्या सुमारास ओळ तोडतात. उत्तर देताना जुन्या मजकुरापुढे `>` आणि एक स्पेस लागते, म्हणजे प्रत्येक उत्तरागणिक ओळ दोन अक्षरांनी लांबते. पण मोबाईल डोळ्यांसमोर ठेवला तर ७८ ही फार सैल मर्यादा आहे. आकड्यांची ओळ तिशीच्या आत बसवा, मग वर दोन-तीन उत्तरं चढली तरी सहसा तुटत नाही.

रेघा मारताना एक जपा. फक्त दोन आडव्या रेघा आणि एक स्पेस, एवढीच ओळ कधी टाकू नका. जुन्या प्रथेनुसार ती सहीची खूण आहे आणि तिच्याखालचं सगळं काही प्रोग्राम सही समजतात, फिकट दाखवतात किंवा उत्तरातून गाळतात. एकूण रकमेच्या वर अशी रेघ मारलीत तर नेमकी एकूण रक्कमच गायब होईल.

आलेखासारखं काही दाखवायचं असेल तर तेही जमतं. पट्टीला तिची स्वतंत्र ओळ द्या, डाव्या कडेपासून सुरू करा आणि आकडा वर लिहा:

```
एप्रिल: 40 टँकर
########

मे: 60 टँकर
############
```

इथे एक खूण म्हणजे पाच टँकर. फाँट कुठलाही असो, एकच चिन्ह दोन्हीकडे सारखंच रुंद असतं, त्यामुळे पट्ट्यांचं प्रमाण बरोबर राहतं. पट्टी शब्दाच्या पुढे त्याच ओळीत काढलीत तर दोन्ही पट्ट्या वेगळ्या ठिकाणी सुरू होतील आणि डोळ्यांना फसवतील. ज्येष्ठ सभासदांपैकी कोणी फोनकडून मेल वाचून घेत असेल तर त्यांना पट्टीचा उपयोग नाही, म्हणून वरचा आकडा गाळू नका.

पाठवण्याआधी मेल स्वतःला पाठवून बघा, तीन ठिकाणी. आधी मोबाईलवर, अक्षरं मोठी करून. मग त्याच मेलला उत्तर द्या आणि खाली आलेला जुना मजकूर वाचा. तिसरं, कमिटीत कोणाच्या ऑफिसात आउटलुक असेल तर त्यांच्याकडून मेलचा फोटो मागवा. जीमेलवर मेल लिहिताना खालच्या तीन टिंबांत `Plain text mode` आहे, ते चालू करून लिहा. नाहीतर एक्सेलमधून चिकटवलेला तक्ता तुम्हाला चौकटींसकट दिसतो आणि ज्याच्याकडे साधा मजकूरच उघडतो त्याच्याकडे नुसते ओळीने आकडे पडतात.

हे सगळं आठ-दहा बाबींपर्यंत आणि दोन, फार तर तीन रकान्यांपर्यंत चालतं. वर्षअखेरीचा ताळेबंद किंवा सगळ्या फ्लॅटची थकबाकी असं मेलमध्ये कोंबू नका. त्याची पीडीएफ जोडा, आणि मेलमध्ये एकूण जमा, एकूण खर्च, शिल्लक अशा तीनच ओळी लिहा. ज्यांच्याकडे फाइल उघडत नाही त्यांनाही तेवढं मिळतं.