प्रॉप निघेपर्यंत भिंत नाही: तीन आठवड्यांच्या कार्यक्रमासोबतच्या पानाबद्दल

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला 11 ते 31 मेचा तीन आठवड्यांचा कार्यक्रम पाहिला. तक्ता चोख आहे. पण त्यासोबत ठेकेदारांना द्यायचं जे पान तू लिहिलं आहेस, ते मी दोनदा वाचलं आणि काळजी वाटली. त्यात तक्त्यातल्याच तारखा वाक्यांत आल्या आहेत. ‘वीटकाम सेंट्रिंग काढल्यानंतर सुरू होईल’ हे वाक्य गवंडीकामाच्या ठेकेदाराला काही सांगत नाही. सेंट्रिंग कधी निघणार, पूर्ण निघणार की अर्धं, तारीख कोणी ठरवली आणि ती ओढून आणता येईल का, हे त्याला हवं असतं. तारीख त्याला तक्त्यातून कळते. तिच्यामागचं कारण या पानातून कळायला हवं.

आपल्या इमारतीवरच दाखवतो. खाली पार्किंग, त्यावरचा पहिला स्लॅब 11 एप्रिलला झाला, दुसरा 2 मेला. तिसरा शनिवारी 23 मेला घालायचा आहे. पहिला मजला म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या स्लॅबमधली जागा. दुसऱ्या स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या प्लेटा 12 मेपासून निघायला लागतील आणि त्या आठवड्याच्या शेवटी तो मजला बराचसा मोकळा दिसेल. गवंड्यांचा मुकादम जिन्यातून डोकावेल, रिकामी जमीन बघेल आणि सोमवारी दहा माणसं घेऊन येईल. त्याचं काही चुकलेलं नसेल, कारण सेंट्रिंग निघाल्यावर वीटकाम असंच आपल्या पानात लिहिलंय.

पण तिथे उभं राहून नीट बघ. प्लेटा निघाल्या तरी बीमखालचे प्रॉप, म्हणजे टेकू, तसेच आहेत, आणि प्रत्येक पॅनेलच्या मधोमध प्रॉप परत लावलेले आहेत. भिंती येतात बीमच्या खाली, म्हणजे मोकळ्या दिसणाऱ्या मजल्यावर नेमकी भिंतीची ओळच अडलेली असते. मग गवंडी काय करतो? दोन प्रॉप ‘जरा बाजूला’ घेतो. हे कोणी मुद्दाम करत नाही. ते प्रॉप कशासाठी आहेत हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

ते तुझ्या पानात असं सांगता येईल. तिसऱ्या स्लॅबचं सेंट्रिंग दुसऱ्या स्लॅबवर उभं राहणार. पाच इंची स्लॅबच्या ओल्या मालाचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या थोडं वर जातं, 0.125 मीटर जाडीला घनमीटरमागे 2500 किलोनं गुणलं की झालं. त्यात प्लेटा, माणसं आणि पंपाचा पाइप धरायचा. राहत्या घराच्या खोलीसाठी वापराचा भार मात्र चौरस मीटरला साधारण 200 किलो धरलेला असतो. म्हणजे 23 तारखेला दुसऱ्या स्लॅबवर येणारं वजन रोजच्या वापराच्या हिशेबापेक्षा बरंच जास्त आहे, आणि त्या दिवशी तो फक्त 21 दिवसांचा असेल. खालचे प्रॉप तो भार वाटून घेतात. आपल्या कन्सल्टंटनी सांगितलंय की तिसरा स्लॅब सात दिवसांचा होईपर्यंत, म्हणजे 30 मेपर्यंत, बीमखालचे आणि पॅनेलच्या मधले प्रॉप हलवायचे नाहीत. पहिला स्लॅब तोवर 42 दिवस ओलांडलेला असतो, म्हणून पार्किंगमध्ये प्रॉप नकोत, असंही त्यांनीच सांगितलंय.

30 मे शनिवार आहे. रविवारी सुट्टी. म्हणजे या तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावर वीट लागणार नाही, 1 जूनला लागेल. हे वाक्य पानाच्या सुरुवातीलाच हवं, कारण या मजकुरातून सगळ्यांत जास्त नुकसान कोणाचं वाचणार असेल तर गवंड्यांच्या ठेकेदाराचं. त्याला लगेच पुढचंही सांग: पार्किंगमधली मीटर रूम, वॉचमनची खोली आणि पंपाची खोली 11 तारखेपासून खुली आहे, काम चार माणसांचं आहे, दहाचं नाही.

क्रम सांगताना मी प्रत्येक दुव्याला एक प्रश्न विचारतो: हा कशानं बांधलेला आहे? काही दुवे मालानं, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीनं, बांधलेले असतात, काही सामानानं, आणि काही फक्त आपण ठरवलं म्हणून तसे असतात. ठेकेदाराला हा फरक कळला की तो नेमकं कुठे घासाघीस करायची ते ओळखतो आणि उरलेल्या ठिकाणी वेळ घालवत नाही.

मालानं बांधलेला दुवा म्हणजे वर सांगितलेले प्रॉप. IS 456 या काँक्रीटच्या मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप सात दिवसांनी आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा दिवसांनी काढता येतात असं दिलंय, पण ते साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी. आपण पीपीसी, म्हणजे पोझोलाना मिसळलेलं सिमेंट वापरतो, त्याची ताकद सुरुवातीला हळू वाढते, म्हणून कन्सल्टंटनी पॅनेलच्या प्लेटांना दहा दिवस सांगितले. 2 मेपासून दहा दिवस म्हणजे 12 मे. सेंट्रिंगवाल्यानं कितीही आग्रह धरला तरी ही तारीख तू किंवा मी हलवायची नाही. बदलायची असेल तर कन्सल्टंटनी लेखी बदलायची.

सामानानं बांधलेला दुवा वेगळा. तिसऱ्या स्लॅबची रस्त्याकडची अर्धी बाजू 11 तारखेला सुरू होते आणि जिन्याकडची 13 ला, कारण सेंट्रिंगवाल्याकडे प्लेटा दीड स्लॅबपुरत्याच आहेत. जिन्याकडच्या बाजूला तो दुसऱ्या स्लॅबखालून निघणाऱ्याच प्लेटा लावणार. तक्त्यात ही दोन कामं प्रॉपच्या कामासारखीच एकाखाली एक दिसतात, पण इथे त्यानं भाड्यानं प्लेटा आणल्या तर दोन्ही बाजू 11 लाच सुरू होऊ शकतात. हे पानात लिहिलंस तर तो स्वतः हिशेब करेल की भाडं परवडतं का. लिहिलं नाहीस तर 13 तारीख तो देवानं दिल्यासारखी मानेल.

तिसरा प्रकार, आपण ठरवलेला. माल सकाळी साडेसहाला सुरू करायचा. साधारण 60 घनमीटर आहे, म्हणजे सहा घनमीटरच्या दहा गाड्या. मे महिन्यात कोल्हापुरात वळीव येतो तो बहुतेक दुपारनंतर, म्हणून साडेबारापर्यंत शेवटची गाडी रिकामी व्हावी असा हिशेब आहे. वेळ आपण ठरवली, पण कारण आभाळाचं आहे. तेवढं सांगितलं की सळीवाला शुक्रवारी रात्री ‘उरलेलं सकाळी बांधतो’ म्हणणार नाही.

आता त्या आठवड्यातली सगळ्यांत अरुंद जागा, गुरुवार 21 मे. बुधवारी खालची सळी पूर्ण होते. गुरुवारी सकाळी इलेक्ट्रिशियननं पाइप टाकायचे, फॅन बॉक्स आधीच प्लेटवर बसवलेले असायला हवेत. दुपारी वरची सळी सुरू, शुक्रवारी दुपारी कन्सल्टंटची तपासणी. इलेक्ट्रिशियनला मिळतो तो अर्धा दिवस. तो गुरुवारी दुपारी उगवला तर वरच्या सळीखालून पाइप ओढतो, बांधलेल्या सळ्या वाकवतो, वरची सळी उचलून धरणाऱ्या चेअर पाडतो, आणि ते शुक्रवारी तपासणीत सापडतं. तुझ्या पानात मी असं लिहिलं असतं:

‘गुरुवार 21 मे, सकाळी 8 ते 1: स्लॅब फक्त इलेक्ट्रिशियनचा. त्या वेळेत सळीवाल्यानं जिन्याच्या बीमवर काम करावं. 1 नंतर वरची सळी सुरू होईल, मग पाइप टाकता येणार नाहीत. फॅन बॉक्सच्या जागांचा नकाशा आर्किटेक्टकडून यायचा आहे. तो सोमवार 18 ला संध्याकाळपर्यंत आणायची जबाबदारी साइट इंजिनिअरची. तोवर आला नाही तर मंगळवारी सकाळी सगळ्यांना कळवू आणि स्लॅब सोमवार 25 ला जाईल.’

बघ, यात अडचण आहे, ती सोडवणारा माणूस आहे, शेवटची वेळ आहे आणि ती टळली तर काय हलणार तेही आहे. ‘नकाशा मिळण्याच्या अधीन’ असं लिहिलं की यातलं काहीच उरत नाही. 18 तारीखही सहज निवडलेली नाही. फॅन बॉक्स सेंट्रिंग पूर्ण होतानाच, म्हणजे मंगळवारी बसतात. शिवाय ठेकेदाराला माणसं दुसऱ्या साइटवर वळवायला एक-दोन दिवस लागतात. नकाशा नाही हे त्याला गुरुवारी सकाळी कळून उपयोग नाही, तोवर माणसं येऊन बसलेली असतात आणि हजेरी चढलेली असते.

शनिवारच्या स्लॅबमागे एक दिवसाची मोकळीक आहे, सोमवार 25 पर्यंत. ती लपवू नकोस. लपवलेली मोकळीक ठेकेदार दुसऱ्याच स्लॅबला ओळखतात आणि मग तुझी खरी तारीखही खोटी धरतात. पण 25 ला गेलो तर प्रॉप 1 जूनपर्यंत राहतात, वीटकाम 2 ला जातं आणि पाऊस तोंडावर येतो, हेही त्याच ओळीत लिही.

आणखी एक राहून गेलंय तुझ्या पानात. शनिवारी संध्याकाळी पगार होतो, रविवारी माणसं बाजाराला जातात. शनिवारी घातलेल्या स्लॅबला रविवारी पाणी कोण मारणार? पाणी साठवायला आळी कोण बांधणार? मे महिन्याच्या उन्हात पहिला दिवस कोरडा गेला तर वर बारीक तडे दिसतात, आणि पीपीसीला पाणी किमान दहा दिवस लागतं. दोन माणसांची नावं आणि त्यांची रविवारची हजेरी आत्ताच ठरव.

तिसऱ्या आठवड्याबद्दल एवढ्या खोलात जाऊ नकोस. 25 नंतरच्या कामांना फक्त अडचणी लिही, तासांचे हिशेब नको, ते पुढच्या शनिवारी बदलणारच आहेत. आणि दर आठवड्याचं नवं पान मागच्या आठवड्यात काय बदललं आणि का, यानं सुरू कर. ठेकेदार तेवढंच आधी शोधतो.

भाषा मराठीच ठेव, ‘पूर्व-पश्चिम’ऐवजी ‘रस्त्याची बाजू, जिन्याची बाजू’ लिही, आणि पान नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून थांबू नकोस. शनिवारी स्लॅबवर उभं राहून वाचून दाखव. आपला सेंट्रिंगचा मुकादम विजापूरकडचा आहे, मराठी समजतो पण वाचत नाही. वाचून झाल्यावर ‘कळलं का’ विचारू नकोस, त्याला सगळे हो म्हणतात. गवंड्यांच्या मुकादमाला विचार, ‘सोमवारी किती माणसं आणणार आणि कुठे?’ त्यानं ‘चार, मीटर रूमला’ म्हटलं तर पान पोचलं. त्यानं ‘कवा चालू करायचं सायेब पयल्या मजल्यावर?’ विचारलं तर तिथेच त्याला पहिल्या मजल्यावर घेऊन जा आणि बीमखालचा प्रॉप दाखव.

प्रॉपबद्दल कन्सल्टंटनी फोनवर सांगितलंय, लेखी अजून आलेलं नाही. ते आधी मागवून घे, त्यांचं पत्र पानाला जोड, आणि सुधारलेलं पान शुक्रवारी दुपारपर्यंत माझ्याकडे पाठव.