रात्री खिडक्या उघड्या राहतील हे गृहीत कुणी धरलं?

प्रश्न: «पुण्यातल्या सात मजली, एसी नसलेल्या इमारतीतल्या वरच्या फ्लॅटचं एनर्जीप्लस या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलंय. एप्रिल-मेमध्येही बेडरूम रात्री थंड दाखवतंय, पण राहणारे म्हणतात झोपच लागत नाही. `ZoneVentilation` सोडून `AirflowNetwork` वापरलं तर उत्तर बरोबर येईल का?»

थोडं सुधारेल, पण त्याने भागणार नाही. आधी तुमच्या मॉडेलमधली खिडकी रात्री अकरा वाजता उघडी आहे की बंद, ते बघा. माझी पैज आहे, उघडी असेल.

हा विषय निघाला की माझं डोकं तापतं, त्याला कारण आहे. मी ज्या कन्सल्टन्सीत होते तिथे कोथरूडच्या एका रीडेव्हलपमेंटचं काम आलं होतं. आमच्या सरांनी सगळ्या खोल्यांना चोवीस तास दहा एअर चेंज दिले, म्हणजे तासाला खोलीतली हवा दहा वेळा बदलते असं धरलं, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की वरच्या मजल्यालाही उन्हाळ्यात काही त्रास नाही. मी विचारलं, हे दहा आले कुठून? म्हणाले, खिडक्या मोठ्या आहेत, वारा आहे, पुण्याच्या रात्री गार असतात. माझी आत्या तिथून दोन गल्ल्या सोडून अशाच इमारतीत सगळ्यात वर राहते. पश्चिमेची बेडरूम, डोक्यावर उघडी गच्ची. मी तिच्याकडे एक लॉगर खोलीत, एक गच्चीवर टाकीच्या सावलीत ठेवला आणि छताला आतून सेन्सर चिकटवला. आतोबांनी दोनदा विचारलं की ह्याने लाइट बिल वाढेल का.

एप्रिलअखेरच्या एका साध्या रात्रीचे आकडे सांगते, उष्णतेच्या लाटेतल्या नाही. रात्री अकराला बाहेर २७ अंश, खोलीत ३३, छताचा पृष्ठभाग ३७. पहाटे सहाला बाहेर २२, खोलीत साडेएकतीस. सरांचं मॉडेल तशाच दिवशी अकराला २८ आणि पहाटे साडेतेवीस दाखवत होतं. म्हणजे बाहेर हवा गार झाली होती हे सरांचं म्हणणं खरंच होतं, फक्त ती हवा खोलीत शिरलीच नव्हती.

का शिरली नाही, तर तिन्हीसांजेला आत्या खिडक्या लावून घेते. डास. एका खिडकीला जाळी आहे ती फाटलेली, दुसरीला ग्रिल नाही म्हणून चोराची भीती. सकाळी सहाला दूधवाला आला की सगळं उघडायचं, ते संध्याकाळपर्यंत उघडंच. दुपारी ३९ अंशांची हवा घरात घ्यायची आणि रात्री २५ची बाहेर ठेवायची. पुण्यातल्या निम्म्या घरांत हेच चालतं, आणि त्यात मूर्खपणा काही नाही, मलेरिया झालेल्या माणसाला विचारा.

आता हिशेब करा, सॉफ्टवेअर बाजूला ठेवून. बेडरूम ३ बाय ३.६ मीटर, उंची २.९, म्हणजे सुमारे ३१ घनमीटर हवा. एक घनमीटर हवा एका अंशाला साधारण ०.३३ वॅट-तास नेते. दहा एअर चेंजला हे झाले अंशाला सुमारे १०० वॅट. आत-बाहेर ६ अंशांचा फरक असेल तर ६०० वॅट उष्णता बाहेर जाते, खोली गार होणारच. खिडकी बंद केली, फटींतून अर्धा एअर चेंज धरला, की तोच आकडा ३० वॅटवर येतो. झोपलेली दोन माणसंच मिळून शंभराच्या आसपास वॅट सोडतात. वर छत ३७ अंशांचं आणि खोली ३३ची, पावणेअकरा चौरस मीटर स्लॅब: तिथून आणखी अडीचशे. म्हणजे साडेतीनशे वॅट आत येतात आणि हवेबरोबर तीस जातात. बाकीचे भिंती शोषतात आणि सावकाश बाहेर टाकतात. पहाटेपर्यंत खोली जेमतेम दीड अंश उतरली यात नवल काय?

छत रात्री अकराला ३७ का, हेही मॉडेलमध्ये दिसायला हवं. साधी १५० मिलिमीटरची आरसीसी स्लॅब, वर ब्रिकबॅट कोबा. दुपारी गच्ची तापते, पण ती उष्णता खालच्या पृष्ठभागावर पोचायला सहा ते आठ तास घेते. त्यामुळे छत आतून सगळ्यात गरम होतं ते रात्री आठ-नऊच्या सुमारास, नेमकं लोक अंथरुणं घालतात तेव्हा. तुमच्या मॉडेलमध्ये छताचं शिखर दुपारी तीनलाच येत असेल तर कोबा घालायचा राहिलाय, किंवा स्लॅबला वस्तुमान नसलेलं मटेरियल लागलंय. ते आधी तपासा.

दुसरी खूण याहून सोपी आहे. खोलीचं आणि बाहेरचं तासातासाचं तापमान एका आलेखावर काढा, महिन्याची सरासरी काढू नका. रोज पहाटे खोली बाहेरच्या अंश-दीड अंशावर येऊन टेकत असेल, तर मॉडेलमध्ये हवा जास्त झालीये. विटा-काँक्रीटच्या खऱ्या फ्लॅटमध्ये खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तरी एवढं जवळ क्वचित जातं.

`AirflowNetwork`बद्दल. ते चांगलंच आहे, कारण वारा, तापमानातला फरक आणि उघडं क्षेत्रफळ यांवरून हवा किती येईल ते स्वतः काढतं. पण त्यात `Temperature` हा कंट्रोल मोड लावलात, तर खोली बाहेरपेक्षा गरम आणि सेटपॉइंटच्या वर असली की खिडकी आपोआप उघडते. असा रहिवासी मी पाहिलेला नाही, जो रात्री दोनला उठून थर्मामीटर बघतो. मोड `Constant` ठेवा आणि खिडकीला माणसांचं वेळापत्रक द्या. आत्याचं असं होतं:

```
Schedule:Compact,
  KhidkiBedroom,
  Fraction,
  Through: 12/31,
  For: AllDays,
  Until: 06:00, 0,
  Until: 18:30, 1,
  Until: 24:00, 0;
```

हे एक रन. दुसऱ्या रनमध्ये 0 आणि 1 उलटे करा, रात्री उघडी आणि दिवसा बंद. दोन्हींतला फरक हेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. रिपोर्टमध्ये एकच आकडा देऊ नका, हे दोन टोकांचे द्या. मी सरांना हेच सांगत होते. ते म्हणाले, एका म्हातारीच्या सवयीवर आपण डिझाइन करत नाही. सगळी बिल्डिंग चोवीस तास खिडक्या उघड्या ठेवेल ही कुणाची सवय होती, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

उघडं क्षेत्रफळही खरं घाला. १.२ बाय १.२ची स्लायडिंग खिडकी १.४४ चौरस मीटरची दिसते, पण एक काच दुसरीमागे सरकते, म्हणजे उघडते निम्मीच. तिलाही जाळी, आणि बारीक जाळी वारा जवळजवळ निम्मा करते, विणीप्रमाणे कमीजास्त. शिवाय रात्री बेडरूमचं दार बंद असतं, त्यामुळे आरपार वारा नाही, एका बाजूनेच आत-बाहेर. हे सगळं धरून मला तीन-चार एअर चेंज मिळाले, म्हणजे ६ अंशांच्या फरकाला सुमारे २०० वॅट. बंद खिडकीपेक्षा कितीतरी बरं, पण छत आणि माणसं मिळून साडेतीनशे देतायत, ते तरीही भारी पडतात.

म्हणूनच मी म्हणत होते, खिडक्या मोठ्या करण्याआधी गच्चीला हात घाला. छतातून उष्णता किती सहज आरपार जाते ते यू-व्हॅल्यू सांगतो. कोबा घातलेल्या स्लॅबचा तो २च्या आसपास येतो, घरांसाठीची ऊर्जाबचतीची इको निवास संहिता छताला १.२च्या आत मागते. गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिला तर स्लॅबमध्ये शिरणारं ऊनच कमी होतं. मॉडेलमध्ये मात्र नव्या रंगाचा आकडा घालू नका, एका पावसाळ्यात आणि धुळीत त्याची चमक बरीच उतरते. नंतर पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली, आणि मग मजबूत जाळी व ग्रिल, म्हणजे लोक रात्री खिडकी उघडी ठेवायला धजावतील. जाळीचा खर्च बिल्डरच्या बजेटमध्ये हवा, राहणाऱ्याच्या नाही. यावर सरांशी माझं जे वाजलं ते इथे लिहीत नाही.

‘त्रास’ कशाला म्हणायचं तेही ठरवून घ्या. ब्रिटनमधली टीएम५९ पद्धत बेडरूमसाठी रात्री २६ अंशांची मर्यादा धरते. ती पुण्यात लावलीत तर प्रत्येक इमारत नापास होईल आणि आकड्याला अर्थ उरणार नाही. आपल्याकडे आयमॅक हे लोकांना सोसवेल असं तापमान काढायचं भारतीय सूत्र आहे: गेल्या तीस दिवसांच्या बाहेरच्या सरासरीला ०.५४ने गुणा, १२.८३ मिळवा. एप्रिलअखेर सरासरी साडेएकोणतीस धरली तर पावणेएकोणतीस येतात, आणि नव्वद टक्के लोकांना चालेल अशी वरची मर्यादा त्यावर २.३८, म्हणजे ३१च्या जरा वर. आत्याची खोली रात्रभर त्यापलीकडे होती. मोजताना ऑपरेटिव्ह तापमान घ्या, ते हवेबरोबर छत-भिंतींची धगही धरतं, नुसतं हवेचं घेतलं तर छताची धग निसटते. हे सूत्र ऑफिसांच्या सर्व्हेवरून आलंय, घरांसाठी आयमॅक-आर वेगळं आहे. सोसायटीच्या रिपोर्टला ते वापरलेलं जास्त बरं.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. मी लिहिलंय ते पुण्याचं, जिथे उन्हाळ्यात दिवस-रात्रीत पंधरा-सोळा अंशांचा फरक पडतो. मुंबईत किंवा रत्नागिरीत रात्रही दमट आणि गरम, तिथे खिडकी उघडून भिंती गार होत नाहीत, तिथे अंगावरचा वारा आणि पंखाच कामाचा. दुसरं, तुमची हवामान फाइल ‘ठरावीक वर्षा’ची, म्हणजे अनेक वर्षांच्या नोंदींतून जुळवलेल्या सर्वसाधारण वर्षाची असेल. तिच्यात २०१९च्या एप्रिलसारखी लाट नसते, तेव्हा शिवाजीनगरला पारा ४३वर गेला होता. मोजलेला एखादा कडक उन्हाळा मिळाला तर तोही चालवा, आणि सुरुवात १ मेपासून न करता १ मार्चपासून करा. शेजाऱ्याच्या एसीचं आउटडोअर युनिट खिडकीखालीच असेल, तर वरचा माझा सगळा हिशेब त्या खोलीपुरता विसरा. ती खिडकी बंदच धरा.