वारशाने आलेली तलवार: पातं कोणतं, किती जुनी?

"आजोबांच्या पेटीत सरळ पात्याची तलवार मिळाली. पात्यावर रोमन अक्षरं आहेत. किती जुनी असेल? साफ कशी करू?"

वर्णनावरून ही फिरंग वाटते. १६व्या-१७व्या शतकात युरोपातून पाती येत आणि इथे त्यांना मूठ बसवली जाई. पण अक्षरांवर विसंबू नका, कारण नावाजलेल्या युरोपीय कारागिरांच्या खुणा इथले लोहारही उठवत. पातं आणि मूठ यांचं वय वेगळं धरा. जुन्या पात्यावर नंतरची मूठ सर्रास सापडते. धार घासून पात्यावरची लांब खाच उथळ झाली असेल, तर ते खऱ्या वापराचं चिन्ह. पातं स्टेनलेस असेल, तर वस्तू २०व्या शतकातली किंवा नंतरची.

म्यानातून काढताना मात्र जपा. म्यान मुठीत आवळू नका, तोंडापाशी धरा आणि बोटं शिवणीच्या बाजूला नकोत. जुनी शिवण फाटून धार थेट बोटांत घुसते. जोर लावूनही निघत नसेल तर सोडून द्या.

चिंच, लिंबू, पॉलिश पेपर अजिबात नको. पोलादावर मूळची जौहर, म्हणजे पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, असेल तर ती बिघडते. सैल गंज मऊ कापडाने पुसून मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. दसऱ्याला ओलं कुंकू पात्याला लावू नका, तिथेच गंज धरतो.