जेवण तेवढंच, मग चार किलो आले कुठून?

"मॅडम, माझं खाणं अजिबात वाढलेलं नाही. तरी तीन वर्षांत ६१ ची ६५ किलो झाले. थायरॉइड तपासला, नॉर्मल आहे. बैठं काम म्हणाल, तर ते बारा वर्षांपासून करतेय. मग वजन आत्ताच का वाढावं?"

असं कुणी म्हटलं की आम्हा आहार-समुपदेशकांना पहिला संशय खाण्याचाच येतो. मलाही आला. सात दिवसांची नोंद ठेवायला सांगितली, मधल्या वेळच्या तोंडात टाकण्यासकट. नोंद वाचली आणि मनातल्या मनात माफी मागितली. बाई खरं बोलत होत्या.

मग त्यांच्या फोनमधला पावलांचा जुना हिशेब उघडला. फोन कायम खिशात ठेवायची सवय, म्हणून त्या आकड्यांवर भिस्त ठेवता आली. टेबलावर पडून राहणारा फोन काहीच मोजत नाही. महिन्यांच्या उभ्या पट्ट्या मागे सरकवत गेलो. आधी कामाच्या दिवशी आठ हजारांच्या आसपास पावलं, आणि मग एका महिन्यापासून एकदम तीन हजार.

"या महिन्यात काय झालं होतं?" मी विचारलं.

त्या बघतच राहिल्या. "बिलांची मंजुरी ऑनलाइन झाली."

त्याआधी त्या फाइल घेऊन तीन मजले फिरायच्या. सही राहिली की पुन्हा खाली, साहेब जागेवर नसले की पुन्हा वर. त्या वणवणीला त्या कंटाळल्या होत्या, आणि नवी पद्धत आल्यावर सुटलो म्हणाल्या होत्या. काम आधीही बैठंच होतं, फक्त त्यातलं उठणं गेलं.

पाच हजार पावलं म्हणजे सुमारे साडेतीन किलोमीटर. त्यांच्या वजनाच्या माणसाला, बसून राहण्यापेक्षा, त्यात ११० कॅलरी जास्त लागतात. आठवड्यातले पाच दिवस धरले तर रोजची सरासरी ८०. साधा गुणाकार केला तर तीन वर्षांत अकरा किलोंच्या वर वाढायला हवं होतं, पण शरीर तसं वागत नाही. वजन वाढलं की ते वागवायला, चालवायला ऊर्जाही जास्त लागते, आणि वाढ हळूहळू थांबते. ढोबळ नियम असा की रोजच्या २४ कॅलरींच्या फरकाला अखेरीस एक किलो. त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात, जवळजवळ सगळं तीन वर्षांत. ८० ला २४ ने भागलं की सव्वातीन किलो येतात. उरलेल्या पाऊण किलोचा हिशेब मी लावत बसले नाही.

"पण हालचाल कमी झाली तर भूक कमी व्हायला नको का?" त्यांचा हा प्रश्न मला फार आवडला. १९५६ मध्ये झां मेयर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंगमेहनतीची कामं करणाऱ्यांचं खाणं मेहनतीच्या प्रमाणात बदलत होतं, पण अगदी बैठं काम करणाऱ्यांचं खाणं कमी झालेलं नव्हतं, उलट जास्तच होतं, आणि वजनही. एका मर्यादेखाली हालचाल गेली की भुकेचा काटा नीट चालत नाही.

त्यांनी तोवर उभं राहून काम करायचं टेबल घेतलं होतं. नुसतं उभं राहण्याने तासाला नऊएक कॅलरी जास्त जातात; तीन तास उभं राहून पाय दुखणार आणि हाती लागणार २७. पाठीला बरं वाटत असेल तर जरूर वापरा, म्हटलं, वजनासाठी नको.

आम्ही त्यांचे फोन हेरले. दिवसातून किमान दोन कॉल असे असतात, की स्क्रीन बघावी लागत नाही. ते वीस-वीस मिनिटांचे कॉल कॉरिडॉरमध्ये चालत घ्यायचे. मध्यम चालीने चाललं तर चारएक हजार पावलं होतात. वेगळा व्यायामाचा तास मी मुद्दाम मागितला नाही; महिनाअखेरीला तो पहिला बुडतो.

सहा महिन्यांनी काटा ६४ वर होता. "एवढंच?" त्या जरा हिरमुसल्या. उतरतानाही हिशेब तोच, पहिल्या वर्षात निम्मं. मात्र कुणाचं वजन काही आठवड्यांतच भराभर वाढलं, पायावर सूज आली, किंवा स्टेरॉइडसारखं नवं औषध सुरू असेल, तर पावलं मोजत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

जाताना त्यांनी फोन पुढे केला. पट्ट्या पुन्हा सात हजारांवर गेल्या होत्या, मार्चचे शेवटचे दोन आठवडे सोडून. "ताळेबंद होता," त्या म्हणाल्या, "ते कॉल स्क्रीनसमोरच घ्यावे लागले."