नफा दाखवणारा प्रकल्प बोर्डाला ‘नाकारा’ म्हणून कसं सांगायचं?

प्रश्न: आमच्या नव्या प्रकल्पात पाचही वर्षं नफा दिसतोय, पण एनपीव्ही, म्हणजे येणाऱ्या रोखीच्या आजच्या किमतीतून गुंतवणूक वजा केल्यावर उरणारा आकडा, ऋण येतोय. संचालक मंडळासाठी ‘नाकारा’ अशी शिफारस करणारं टिपण लिहायचं आहे. सगळे संचालक फायनान्सवाले नाहीत. कसं लिहू?

उत्तर:

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी वित्त विभागात असताना नेमकं हेच टिपण मला लिहावं लागलं होतं. आकडे गोल करून सांगतो.

यंत्रं 10 कोटींची, आणि माल व उधारीत अडकणारं खेळतं भांडवल 2 कोटी. घसारा आणि कर धरण्याआधी वर्षाला 3.20 कोटी सुटणार होते. पाच वर्षांत यंत्रं शून्यावर आणायची म्हणून घसारा 2 कोटी, उरलेल्या 1.20 कोटींवर 25 टक्के कर, म्हणजे नफा 90 लाख. यंत्रांची सरासरी पुस्तकी किंमत 5 कोटी धरून प्रकल्पवाल्यांनी ‘18 टक्के परतावा’ असं ठळक छापलं होतं. खेळत्या भांडवलाचे 2 कोटी त्या भागाकारात कुठेच नव्हते. ते धरले की तोच परतावा 13 टक्क्यांच्याही किंचित खाली येतो.

रोख मात्र 90 लाख नव्हे, घसारा परत मिळवून 2.90 कोटी येते, आणि पाचव्या वर्षाअखेर खेळत्या भांडवलाचे 2 कोटी सुटतात. आमचा भांडवलाचा खर्च 13 टक्के होता. त्या दराने हे सगळं आजच्या किमतीत 11.29 कोटी भरतं. घालायचे आहेत 12 कोटी. म्हणजे एनपीव्ही उणे 71 लाख.

माझ्या पहिल्या मसुद्यात एवढंच होतं, आणि आमच्या सीएफओ बाईंनी तो परत पाठवला. ‘एका पानावर नफा, दुसऱ्या पानावर तोटा. यातलं खोटं कोणतं, हेच विचारतील,’ असं त्या म्हणाल्या. खोटं कोणतंच नाही. नफा-तोटा पत्रक बँकेचं व्याज वजा करतं, भागधारकांच्या पैशाचं भाडं वजा करत नाही. म्हणून मी ते भाडं प्रत्येक वर्षाच्या नफ्यातून वजा करून दाखवलं. पहिल्या वर्षी 12 कोटी अडकलेले, 13 टक्क्यांनी भाडं 1.56 कोटी, नफा 90 लाख, म्हणजे 66 लाख कमी. दुसऱ्या वर्षी घसाऱ्यामुळे 10 कोटी उरतात, तूट 40 लाख. तिसऱ्या वर्षी 14 लाख. चौथ्या आणि पाचव्या वर्षी 12 आणि 38 लाख वर येतात, पण उशिरा. हे पाच आकडे 13 टक्क्यांनी आजच्या किमतीत आणून बेरीज केली की बरोबर उणे 71 लाखच येतात. हा ताळा जुळला की नफा आणि एनपीव्ही यांचं भांडण मिटतं. तुम्हीही जुळवून बघा. जुळला नाही तर तुमच्या गणितात चूक आहे. फक्त यातला नफा व्याज वजा न केलेला हवा, नाहीतर कर्जाचा खर्च दोनदा धरला जातो.

बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: ‘बँक सव्वानऊ टक्क्यांनी देते, प्रकल्प पावणेअकरा देतो, मग अडचण काय?’ पावणेअकरा म्हणजे साधारण ज्या दराने या प्रकल्पाचा एनपीव्ही शून्य होतो तो दर. टिपणात या प्रश्नाचं उत्तर आधीच घाला. बँक तो दर देते कारण तिच्या मागे 60 टक्के पैसा मालकांचा उभा असतो आणि तोटा आधी तो सोसतो. मालक 17 टक्के मागतात, कर्ज करबचतीनंतर 7 टक्क्यांना पडतं. 60 आणि 40 च्या प्रमाणात 13 होतात. या प्रकल्पाला सगळं कर्ज लावलं, तर पुढच्या प्रकल्पाची कर्जक्षमता हा खाऊन टाकतो.

दुसरा युक्तिवाद ‘धोरणात्मक गरज’ हा. तो उडवून लावू नका. प्रकल्प न केल्यास एखादं मोठं गिऱ्हाईक खरंच जाणार असेल, तर जाणारी रोख गणितात यायलाच हवी. फक्त कोणतं गिऱ्हाईक, किती रोख, हे लिहून मागा. आमच्याकडे ते कुणी लिहून दिलं नाही.

शिफारस पहिल्याच ओळीत ठेवा आणि तिला किंमत जोडा: ‘या किमतीला प्रकल्प नाकारावा.’ मग काय बदललं तर मत बदलेल ते सांगा. आमच्या बाबतीत यंत्रं 87 लाखांनी स्वस्त मिळायला हवी होती, किंवा करापूर्वी वर्षाला 27 लाख जास्त सुटायला हवे होते. एक मर्यादाही लिहा: वर सोयीसाठी कराचा घसाराही 2 कोटीच धरला आहे. आयकरात सर्वसाधारण यंत्रांना घटत्या शिल्लकीवर 15 टक्के मिळतो, म्हणजे आमच्यासारख्या अतिरिक्त घसारा न घेणाऱ्या कंपनीची करबचत लांबते आणि एनपीव्ही आणखी खाली जातो.

मंडळाने नाकारल्यावर खरेदी विभागाने पुन्हा घासाघीस केली. विक्रेता 9.40 कोटींपर्यंत उतरला. तेव्हाही उणे 22 लाख उरत होते, त्यामुळे प्रस्ताव परत मंडळापुढे गेला नाही.