आभाराच्या मेलमध्ये काय लिहायचं आणि काय नाही

प्रिय मित्रा,

बाबा घरी आले आणि तू सोमवारपासून पुन्हा पूर्ण वेळ ऑफिसला जाणार, हे वाचून जिवाला बरं वाटलं. तुझ्या मॅनेजर मॅडमना पाठवायच्या आभाराच्या मेलचा मसुदाही सावकाश वाचला. तो फार लांब झालाय का, असं तू विचारलंयस. लांब तर झालाच आहे, पण मला त्याहून जास्त खटकलं ते हे की त्यात मॅडम जवळजवळ कुठेच नाहीत. बाबांचा आजार आहे, रिपोर्टमधले आकडे आहेत, आयसीयूबाहेरच्या रात्री आहेत, बिलावरून भावाशी झालेली बोलाचाली आहे. मॅडमनी काय केलं, ते मात्र "या काळात दिलेल्या सहकार्याबद्दल आभारी आहे" एवढ्या एका ओळीत उरकलंय. तीच ओळ तू कुणालाही पाठवू शकला असतास.

असं का होतं, ते मला कळतं. इतके दिवस मनात दाबून ठेवलेलं सगळं पहिल्या मोकळ्या क्षणी बाहेर येतं. आणि आत कुठेतरी असंही वाटत असतं की एवढी सवलत घेतली, तर तिची गरज खरीच होती हे पटवून द्यायला हवं. पण रजेचं कारण तू तेव्हाच सांगितलं होतंस आणि मॅडमनी ते मान्य केलं होतं. आता पुन्हा पुरावे मांडलेस तर आभाराचं पत्र खुलाशासारखं वाचलं जाईल. त्यांनी तुझ्यावर शंका घेतलेली नाही, मग तू तरी उत्तर कशाला देतोयस?

मसुदा क्षणभर बाजूला ठेव आणि त्यांनी नेमकं काय केलं ते आठव. तू मला वेळोवेळी जे कळवलंस, त्यातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, तारखांसकट अर्जासाठी अडवून न धरता त्यांनी तुला सांगितलं, "सकाळी नुसता मेसेज टाक, रजा नंतर भर." दुसरी, सकाळची आढावा बैठक त्यांनी दुपारी नेली, कारण डॉक्टर सकाळी राउंडला येतात आणि त्या वेळी घरचं कुणी तिथे नसेल तर पुढचं काहीच कळत नाही. तिसरी, टीमला त्यांनी "घरगुती कारण आहे, त्याची कामं काही दिवस आपण वाटून घेऊ" इतकंच सांगितलं. त्यामुळे तुला कुणी खोदून खोदून विचारलं नाही.

माझ्या मते यातली तिसरी सगळ्यात मोठी आहे, आणि तुझ्या मसुद्यात नेमका तिचाच उल्लेख नाही. सवलत बरेच जण देतात. ती देताना माणसाची खासगी गोष्ट जपणारे कमी असतात. मॅडमनी जे जपलं, ते तू स्वतःच्या हातांनी मेलमध्ये उघडं करू नकोस. आभाराचे मेल पुढे जातात. वरिष्ठांना कौतुकाने दाखवले जातात, कधी एचआरकडे पाठवले जातात, आणि मेलबॉक्समध्ये वर्षानुवर्षं राहतात. मॅडमचा हेतू कितीही चांगला असला तरी एकदा पाठवलेला मजकूर तुझ्या हातात राहत नाही.

काय ठेवायचं आणि काय गाळायचं, यासाठी एकच कसोटी लाव: हा मेल बाबांसमोर मोठ्याने वाचता येईल का? आजार त्यांचा आहे. निदान, तपासण्यांचे आकडे, पुढे काय होईल याचा अंदाज, हे सगळं त्यांचं आहे आणि ते कुणाला सांगायचं हेही त्यांनी ठरवायचं. पैशांची ओढाताण आणि भावाशी झालेलं भांडण ही घरातली गोष्ट आहे, ती घरातच राहू दे. तुझी झोप, तुझी चिडचिड, मध्येच भरून येणं, यातलं काही अजून चालू असेल आणि कामावर परिणाम होत असेल, तर मॅडमशी स्वतंत्रपणे आणि समोरासमोर बोल. ते बोलणं महत्त्वाचं आहे, पण त्याची जागा हा मेल नाही.

मीही बरीच वर्षं टीम सांभाळली आहे. असे मेल मला आले तेव्हा लांबलचक मेलला लगेच उत्तर देता येत नसे. आधी आजाराबद्दल काय लिहावं, मग बिलाबद्दल काय बोलावं, हा विचार करण्यात दोन-दोन दिवस जात, आणि पाठवणारा बिचारा तिकडे वाट पाहत असे. "बैठक दुपारी घेतल्यामुळे मला डॉक्टरांना भेटता आलं" असं कुणी लिहिलं की मी तिथल्या तिथे उत्तर देऊ शके. शिवाय, आपण केलेल्यापैकी नेमकं काय उपयोगी पडलं तेही कळे, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणावर अशी वेळ आली तर ते लक्षात राही.

आता मसुदा असा होतो:

"मॅडम,

सोमवारपासून मी पूर्ण वेळ येतोय. त्याआधी तुमचे आभार मानायचे होते.

तुम्ही आढावा बैठक दुपारी ठेवलीत, त्यामुळे सकाळी डॉक्टर येत तेव्हा मला बाबांजवळ थांबता आलं. टीमला जेवढ्यास तेवढंच सांगितलंत, त्यामुळे मला कुणाला काही समजावत बसावं लागलं नाही. या काळात या दोन गोष्टींचा मला फार मोठा आधार वाटला.

बाबा आता घरी आहेत आणि उपचार चालू आहेत. माझी जी कामं टीमने सांभाळली, ती सोमवारी त्यांच्याकडून परत घेतो. त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे.

मनापासून धन्यवाद."

"मोठा आधार वाटला" हे वाक्य काढू नकोस. खासगी तपशील गाळायचे म्हणून भावनाही गाळली, तर उरतो तो कोरडा कार्यालयीन कागद. एक भावना आणि ती कशामुळे वाटली ते कारण, एवढं पुरे. "आयुष्यभर ऋणी राहीन", "देवासारख्या धावून आलात" हे मात्र काढ. तुझ्या मनात ते खरं असेलही, पण वाचणाऱ्याला त्यावर "छे छे, मी काय केलं" याशिवाय काही म्हणता येत नाही, आणि उद्या रोजच्या कामात दोघांनाही अवघडल्यासारखं होतं.

बाबांबद्दलच्या ओळीत "उपचार चालू आहेत" हे मुद्दाम ठेवलंय. तुझ्या मसुद्यात "आता अगदी ठणठणीत आहेत" असं होतं. मन तसं म्हणायला धावतं, पण फॉलो-अप अजून बाकी आहेत. आज ठणठणीत म्हणून लिहिलंस आणि तीन आठवड्यांनी पुन्हा अर्धा दिवस मागितलास, तर तुझंच वाक्य तुझ्या आड येईल. जेवढं खरं आहे तेवढंच लिही. तब्येत पुन्हा वरखाली झाली तरी ही ओळ खोटी ठरणार नाही.

मसुद्याच्या शेवटी तू दोन गोष्टी जोडल्या होत्यास, त्या दोन्ही मी काढल्या. एक, "शनिवार-रविवारी जादा काम करून भरपाई करीन." असं वचन देऊ नकोस. मंजूर झालेली रजा हे कर्ज नव्हे, आणि लिहून दिलेलं वचन लोक लक्षात ठेवतात. शनिवार-रविवार सध्या बाबांना आणि तुझ्या विश्रांतीला लागणार आहेत. दोन, पुढच्या महिन्यातल्या फॉलो-अपसाठी अर्ध्या दिवसाची विनंती. विनंती रास्तच आहे, पण ती आभाराच्या खाली आली की वरचं सगळं तिची प्रस्तावना वाटू लागतं. तिच्यासाठी वेगळा मेल कर, वेगळ्या विषयाचा, तारीख आणि वेळ स्पष्ट लिहून.

"सकाळी नुसता मेसेज टाक, रजा नंतर भर" हा उल्लेख मी मेलमध्ये घेतला नाही, त्यामागेही कारण आहे. अशी मुभा देण्याचा अधिकार मॅनेजरला काही ठिकाणी असतो, काही ठिकाणी नसतो. मॅडमनी तुझ्यासाठी नियमाला जरा वळसा घातला असेल, तर तू कौतुकाने लिहिलेली ती ओळ त्यांच्याच अडचणीची ठरू शकते. त्याबद्दलचे आभार तोंडी मान. मेल पाठवण्याआधी एकदा सिस्टिम उघडून बघ: घेतलेली प्रत्येक रजा, अर्धे दिवससुद्धा, भरलेली आणि मंजूर झालेली आहे ना? एखादा दिवस राहिला असेल तर आधी तो भर. महिनाअखेरीला तुझ्या हजेरीबद्दल मॅडमना कुणी विचारावं अशी वेळ येऊ नये, हेही त्यांचे आभार मानण्यातच आलं.

याच कारणासाठी त्यांच्या वरिष्ठांना सीसीमध्ये ठेवू नकोस. त्यांचं नाव वर पोचावं असं तुला वाटतंय, ते चांगलंच आहे, पण आधी त्यांना विचार, "हे मी वर कळवलं तर चालेल का?" हो म्हणाल्या तर दोन ओळींचा वेगळा मेल कर. भेटवस्तू नको. मॅनेजरला ती घेताना संकोच होतो आणि बऱ्याच ऑफिसांत त्याबद्दल नियमही असतात.

ज्या सहकाऱ्यांनी तुझी कामं अंगावर घेतली त्यांच्याशी आधी बोल, म्हणजे मेलमधलं "बोलणं झालं आहे" हे खरं ठरेल. त्यांनाही मोघम नको, नेमकं सांग: क्लायंटचे फोन कुणी घेतले, रात्री उशिरापर्यंत बसून रिपोर्ट कुणी पूर्ण केला. मॅडमनी परवानगी दिली, पण त्या परवानगीचा भार प्रत्यक्षात यांच्यावर पडला होता.

मेल शुक्रवारी दुपारी पाठव. सोमवारी सकाळी पाठवलास तर तो कामाच्या ढिगात जाईल, आणि तुझं त्यांच्याशी पहिलं बोलणं कामाऐवजी याच विषयावर होईल. सोमवारी कुणीतरी सगळ्यांसमोर "बाबा कसे आहेत?" असं विचारेलच. त्याचं उत्तर आधीच ठरवून ठेव: "घरी आहेत, हळूहळू सावरताहेत. आवर्जून विचारलंत, बरं वाटलं." एवढं बोलून कामाकडे वळ. मॅडमनी एकांतात आणखी विचारलं तर बाबांना चालेल तेवढं सांग. किती चालेल ते या दोन-तीन दिवसांतच त्यांना विचारून घे.

फॉलो-अपची विनंती पुढच्या बुधवारी पाठव, तारीख नक्की झाल्यावरच. तोपर्यंत डॉक्टरांकडून वेळ लिहून घे. बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझा स्नेही