आभाराची मेल: काय ठेवायचं, काय कापायचं

एका पाणलोट विकास संस्थेत क्षेत्र समन्वयकाच्या जागेसाठी काल मुलाखत झाली. मॅडमना आभाराची मेल लिहायला बसले तर पानभर झाली. सोबत पाठवतेय. कापायला गेले की कोरडी वाटते.

तुमचा मसुदा वाचला. पहिलंच वाक्य असं आहे: ‘सर्वप्रथम, आपण आपल्या अत्यंत व्यस्त दिनक्रमातून अमूल्य वेळ काढून मला मुलाखतीची संधी दिलीत, त्याबद्दल मी आपली शतशः ऋणी आहे.’ हे निरोप समारंभाच्या भाषणातलं वाटतं. पुढे सहा ओळी शिक्षण आणि अनुभव. तो बायोडेटा मुलाखतीच्या वेळी मॅडमच्या समोरच होता. मग ‘मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी असलेली’. असं स्वतःबद्दल कोण लिहीत नाही?

आणि अगदी शेवटी, सहीच्या जरा वर, एक ओळ सापडली: विहिरींच्या पातळीच्या नोंदी गावातल्या बायकाच ठेवतात, हे मॅडमनी सांगितलं ते तुम्हाला फार आवडलं. मेल इथूनच सुरू व्हायला हवी. तुम्ही कापताना नेमकी हीच ओळ उडवलीत आणि बायोडेटा ठेवलात, म्हणून ती कोरडी झाली. त्या दिवशी आलेला दुसरा कुठलाही उमेदवार जे वाक्य जसंच्या तसं लिहू शकेल, ते काढा. आभाराचं एक वाक्य तेवढं याला अपवाद.

मी असं केलं असतं:

> नमस्कार मॅडम,
> काल वेळ दिलात, मनापासून आभार. विहिरींची पातळी गावातल्या बायकाच मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात, हे तुम्ही सांगितलंत ते अजून डोक्यात आहे. आमच्या बचत गटाचे हिशेबही बायकाच लिहायच्या, त्यामुळे हे काम करायला मला फार आवडेल. आणखी काही कागदपत्रं लागली तर जरूर कळवा.
> आपली,

अनुभव यात आला आहे, पण त्यांच्या बोलण्याला जोडून आला आहे, म्हणून बढाई वाटत नाही. बचत गटाचा उल्लेख तुमच्याच मसुद्यातला आहे, चौथ्या परिच्छेदात दडला होता. मोबाइलवर मेल उघडली की ती खाली न सरकवता वाचता यावी, एवढीच लांबी पुरे. आजच पाठवा, दोन-तीन दिवस गेले की निर्णयाची चौकशी केल्यासारखं वाटतं.

मुलाखत घेणारे तिघं होते. तिघांना वेगवेगळं लिहायचं म्हणजे तीन निबंध झाले. एकच मेल तिघांना पाठवली तर चालेल का?

एकाच मेलमध्ये तिघांची नावं घातली तरी चालतं, मात्र मग ती कुणा एकाची राहत नाही. वेगवेगळ्या पाठवणार असाल तर आभाराची आणि शेवटची ओळ सारखी ठेवा, मधली एकच ओळ बदला: ज्याने जे विचारलं, त्याला त्याबद्दल. अशा मेल एकमेकांना पुढे पाठवल्या जातात. तिन्ही हुबेहूब निघाल्या तर जरा पंचाईत होते. मुलाखतीतून बाहेर पडल्या पडल्या कोण काय म्हणालं ते फोनमध्ये टिपून ठेवा, रात्रीपर्यंत निम्मं विसरायला होतं.

फक्त एचआरचाच पत्ता हाती असेल तर त्यांनाच एक मेल करा आणि ‘बाकीच्या दोघांनाही माझे आभार कळवाल का?’ असं लिहा. बाकीच्यांचे पत्ते अंदाजाने बनवून पाठवू नका.

एका प्रश्नाचं उत्तर साफ चुकलं. बरोबर उत्तर आभाराच्या मेलमध्ये समजावून लिहिलं, तर मेल दुप्पट झाली.

दोन वाक्यं द्या, तिसरं नको. समजा, साठा मोजणीतल्या फरकाबद्दल विचारलं होतं आणि तुम्ही गोंधळलात. मग एवढंच: ‘साठ्यातल्या फरकाचं कारण काल मला नीट मांडता आलं नाही. मी आधी आवक नोंदीची तारीख तपासेन, कारण माल आत आला आणि नोंद दुसऱ्या दिवशी झाली की असाच फरक दिसतो.’ ‘मी खूप घाबरलो होतो, कृपया समजून घ्यावे’ ही ओळ काढाच. तिने उत्तर सुधारत नाही, उलट चूक पुन्हा आठवते. आणि चूक किरकोळ असेल, एखादा आकडा इकडेतिकडे, तर विषयच काढू नका. समोरच्याच्या लक्षातही नसेल.

मेलऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर? आणि पगाराचं राहिलं होतं, तेही विचारू का?

मुलाखतीची वेळ व्हॉट्सअ‍ॅपवर ठरली असेल तर तिथेच दोन ओळी पाठवा, हात जोडलेल्या इमोजींची रांग न लावता. बोलावणं मेलने आलं असेल तर त्याच मेलला उत्तर द्या. विषयाची ओळ तीच राहते, त्यामुळे तुम्ही कोणत्या जागेसाठी आला होता हे त्यांना शोधावं लागत नाही आणि तुम्हालाही ते पुन्हा लिहावं लागत नाही.

पगाराचं इथे नको. त्या एका प्रश्नाने आधीचे आभार प्रस्तावनेसारखे वाटायला लागतात. एचआरचा फोन येईल तेव्हा विचारा.